डोळे चोळतंय पण झोपत नाही: बाळाची वेक विंडो कुठे चुकतेय ते कसं शोधायचं

डोंबिवलीत माझं पाळणाघर आहे, चौदा वर्षं झाली. एका वेळी सात-आठ मुलं असतात, त्यातली निम्मी वर्षाच्या आतली. सव्वीस आठवड्यांची रजा संपली की आया बाळ घेऊन येतात आणि पिशवीतून बाटली, लंगोट, दुपटं बाहेर काढता काढता एकच गाऱ्हाणं सांगतात: "काकू, महिन्यापूर्वी किती छान झोपायचं, आता काय झालंय कळतच नाही."

बहुतेक वेळा काहीच झालेलं नसतं. बाळ महिन्याने मोठं झालेलं असतं आणि घरातलं घड्याळ मागच्याच महिन्यात अडकलेलं असतं. बाळ एका झोपेतून उठल्यापासून पुढच्या झोपेत जाईपर्यंत जेवढा वेळ जागं राहतं, त्याला हल्ली सगळे वेक विंडो म्हणतात. हा वेळ जन्मानंतर पाऊण तासाच्या आसपास असतो आणि वर्षाच्या वाढदिवसाला साडेतीन-चार तासांवर पोचतो. एका वर्षात चौपटीहून जास्त. म्हणून आज बसवलेलं वेळापत्रक चार-सहा आठवड्यांत तोकडं पडतं, अगदी झबल्यासारखं.

लक्षणं

पुढच्यापैकी दोन-तीन गोष्टी सलग चार-पाच दिवस दिसत असतील तर पुढे वाचा. एखाद्या दिवसाचं मनावर घेऊ नका.

- झोपवायला घेतल्यावर वीस मिनिटांपेक्षा जास्त झुलवावं, थोपटावं लागतं.
- दिवसाची प्रत्येक झोप अर्ध्या-पाऊण तासात संपते आणि बाळ किरकिरतच उठतं.
- रात्री झोपवल्यावर पाऊण तासात टक्क जागं होतं, जणू डुलकी काढून उठलं.
- मध्यरात्री दोन-तीनला उठून तास-दीड तास चक्क खेळतं.
- पहाटे पाचच्या आधी दिवस सुरू करतं.
- संध्याकाळची झोप घेत नाही आणि मग सातपासून नुसता आकांत.

एक अपवाद आत्ताच सांगते. बाळ चार-पाच महिन्यांच्या आतलं असेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर अर्ध्या-पाऊण तासाच्या झोपा हा दोष नाही. एवढ्या लहान बाळाच्या झोपेचं एक आवर्तन साधारण पाऊण ते एका तासाचंच असतं. ते संपल्यावर पुढच्या आवर्तनात आपोआप शिरणं त्याला अजून जमत नाही. तिथे वेक विंडो कितीही ताणली तरी झोप लांबत नाही. वाट बघायची, बस.

पहिली तपासणी: फुकटातली

वेळेचा हिशेब मांडायच्या आधी पोट, लंगोट, नाक आणि खोली बघून घ्या. शेवटचं दूध कधी झालं, पोटभर झालं का. नाक चोंदलंय का. बाळाच्या मानेच्या मागे हात लावून बघा, घामेजली असेल तर कपडे जास्त झालेत. आपल्याकडे एप्रिल-मेमध्येही टोपी, मोजे आणि वर दुपटं असा थाट असतो, आणि मग बाळ झोपत नाही म्हणून वेळापत्रकाला दोष दिला जातो. डास आणि टीव्ही राहिलेच.

उजेड मात्र वयाप्रमाणे बघायचा. पहिल्या दोन महिन्यांत बाळ भर उजेडात, कुकरच्या शिट्ट्यांतही झोपतं. तीन-चार महिन्यांनंतर त्याला आजूबाजूचं जग दिसू लागतं आणि खिडकीचा हलणारा पडदासुद्धा पुरेशी करमणूक होते. तेव्हा दिवसाच्या झोपेलाही खोली अंधारी लागते. एक जाड चादर खिडकीवर अडकवली तरी काम होतं.

ही तपासणी पहिली, कारण ती पाच मिनिटांत होते आणि ती चुकली तर पुढचे सगळे आकडे खोटे येतात. भुकेलं बाळ आणि झोपेला आलेलं बाळ लांबून सारखंच दिसतं.

दुसरी तपासणी: मोजायला कुठून सुरुवात करताय?

इथे निम्मी गाडी रुळावर येते, असा माझा अनुभव आहे. वेक विंडो बाळाचे डोळे उघडले तिथे सुरू होते आणि डोळे मिटले तिथे संपते. दूध पिणं, मालिश, आंघोळ, शी-शू, झुलवणं, सगळं त्याच्या आत.

बऱ्याच घरी मोजणी दूध पाजून झाल्यावर सुरू होते. तीन आठवड्यांच्या बाळाला पाजायलाच अर्धा तास लागतो. त्यानंतर तासभर जागवलं की प्रत्यक्षात दीड तास झाला आणि त्या वयाला तो जवळजवळ दुप्पट आहे. मग आजी म्हणतात, "दृष्ट लागली." दृष्ट काढा हो, पण घड्याळही बघा.

दुसरी चूक उलट बाजूची. दोन तासांनी बाळाला झोपवायला घेतात आणि त्याला झोप लागायला पंचवीस मिनिटं जातात. म्हणजे खरी वेक विंडो दोन तास पंचवीस मिनिटं. वहीत मात्र दोन तास.

तिसरी चूक डुलकीची. पाळणाघरातून घरी जाताना रिक्षात दहा मिनिटं डोळा लागला, किंवा पिता पिता बाळ पेंगलं. आई म्हणते, "ती काय झोप झाली?" झाली. मोठ्या माणसालाही संध्याकाळी लोकलमध्ये डुलकी लागली तर रात्री लवकर झोप येत नाही. बाळाची भूक चार घासांनी भागते तशी झोपही दहा मिनिटांनी बरीच भागते. ती डुलकी हिशेबात धरली नाही तर पुढचं सगळं कोडं वाटतं.

तिसरी तपासणी: वय कोणतं धरलंय?

बाळ वेळेच्या आधी जन्मलं असेल तर जन्मतारखेवरून नाही, डॉक्टरांनी दिलेल्या अपेक्षित तारखेवरून वय मोजा. सहा आठवडे आधी आलेलं बाळ कागदावर पाच महिन्यांचं असतं, पण झोपेच्या बाबतीत साडेतीन महिन्यांचं. माझ्याकडे असं एक बाळ होतं. त्याच्या आईने पाच महिन्यांचा तक्ता बघून त्याला सव्वादोन तास जागवायचा प्रयत्न दोन आठवडे केला. दोघंही रडकुंडीला आले होते. दीड तासावर आणल्यावर तिसऱ्या दिवशी घर शांत.

आता तक्ता. हे माझ्या वहीतले आणि बालरोगतज्ज्ञांशी वेळोवेळी झालेल्या बोलण्यातले आकडे आहेत.

- जन्म ते सहा आठवडे: ३५ ते ६० मिनिटं
- दोन महिने: १ ते दीड तास
- तीन महिने: सव्वा ते पावणेदोन तास
- चार महिने: दीड ते दोन तास
- पाच-सहा महिने: दोन ते अडीच तास
- सात-आठ महिने: अडीच ते सव्वातीन तास
- नऊ-दहा महिने: पावणेतीन ते साडेतीन तास
- अकरा-बारा महिने: सव्वातीन ते चार तास

हे कायदे नाहीत. झोपेच्या वैद्यकीय संस्था एकूण झोपेचे तास सांगतात, असे टप्पे नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये चार ते बारा महिन्यांच्या बाळासाठी चोवीस तासांत डुलक्यांसकट १२ ते १६ तास झोप सांगितली, आणि चार महिन्यांच्या आतल्यांसाठी आकडाच दिला नाही, कारण त्या वयात बाळा-बाळांत फरक फार मोठा असतो. बारा आणि सोळा यांत चार तासांचं अंतर आहे. ते लक्षात ठेवा आणि शेजारच्या बाळाशी तुलना सोडून द्या.

हा वेळ वाढतो कशाने? झोपेच्या दोन यंत्रणा आहेत. १९८२ मध्ये अलेक्झांडर बोर्बेली यांनी ही मांडणी केली आणि आजही तीच वापरतात. पहिली यंत्रणा झोपेची भूक: जागं असताना मेंदूत अॅडेनोसिनसारखी द्रव्यं साठत जातात आणि झोपेत ओसरतात. नवजात बाळाचं हे भांडं वाटीएवढं, पाऊण तासात भरतं. मेंदू वाढतो तसं ते सावकाश भरू लागतं. दुसरी यंत्रणा शरीरातलं दिवस-रात्रीचं घड्याळ. ते जन्मतः चालू नसतं, साधारण दोन-तीन महिन्यांत सुरू होतं. म्हणून पहिल्या दोन महिन्यांच्या बाळाला रात्री दोन वाजता "आता रात्र आहे" हे कळत नाही. त्याला फक्त वाटी भरली की रिकामी, एवढंच कळतं.

वाढ सरळ रेषेत होत नाही, हे तक्त्यात दिसत नाही. तीन आठवडे बाळ दोन तासांवर अडून बसतं आणि मग पालथं पडायला लागलं, बसायला लागलं की चार दिवसांत पंधरा-वीस मिनिटं पुढे सरकतं.

चौथी तपासणी: तीन दिवसांची वही

शंभर पानी वही घ्या, मोबाइलवर लिहिलंत तरी चालेल. फक्त चार गोष्टी: झोपवायला कधी घेतलं, झोप कधी लागली, कधी उठलं, उठताना हसरं होतं की रडवेलं. तीन दिवस काही बदलू नका. बदलता बदलता लिहिलं तर वहीतून काहीच कळत नाही.

घरात दोन-तीन माणसं बाळ सांभाळत असतील तर सगळ्यांनी त्याच वहीत लिहायचं. आजोबांनी दुपारी खांद्यावर घेऊन फेऱ्या मारताना बाळ वीस मिनिटं झोपलेलं असतं आणि ते कोणाला सांगितलेलंच नसतं. अशी "हरवलेली" झोप मी कित्येकदा शोधून दिली आहे.

पाचवी तपासणी: विंडो छोटी पडतेय की मोठी?

खरी गोम इथे आहे, कारण दोन्हींची लक्षणं वरवर सारखीच. छोटी झोप, रडारड, रात्रीचं उठणं, सगळं दोन्हींत येतं. म्हणून आई अंदाजाने उपाय करते आणि निम्म्या वेळा उलट्या दिशेला जाते. बाळ झोपत नाही म्हणजे फार थकलंय, असं समजून अजून लवकर झोपवायला घेतलं जातं. खरं तर त्याला झोपेची भूकच लागलेली नसते.

वहीत पहिल्यांदा झोप लागायला किती वेळ लागतोय ते बघा. खूप वेळ लागतो, पण बाळ त्या वेळात मजेत असतं, तुमचं नाक ओढतं, गाणं म्हटलं तर साथ देतं, तर विंडो छोटी आहे. पाच-दहा मिनिटांच्या आत कलंडतं, पण त्याआधी पाठीची कमान करून, मुठी आवळून, किंचाळून, तर मोठी आहे.

मग उठताना कसं असतं ते बघा. अर्ध्या तासात उठून हसत असेल तर त्याला तेवढीच झोप हवी होती, म्हणजे विंडो छोटी. अर्ध्या तासात उठून डोळे चोळत रडत असेल तर बहुधा मोठी.

रात्रीचं उठणंही बोलकं असतं. मध्यरात्री तासभर शांतपणे खेळणं हे बहुतेक वेळा दिवसा झोप जास्त किंवा तुकड्या-तुकड्यांत होत असल्याचं लक्षण. रडत रडत वारंवार उठणं याची कारणं अनेक असतात, थकवा त्यातलं एक.

डोळे चोळणं, जांभई, कान ओढणं यांवर चार महिन्यांपर्यंत भरवसा ठेवावा. नंतर ही चिन्हं फसवी होतात. पाच-सहा महिन्यांचं बाळ कंटाळलं तरी डोळे चोळतं. जागा बदला, बाल्कनीत न्या, कावळा दाखवा. ताजंतवानं झालं तर ते कंटाळलं होतं. दोन मिनिटांत पुन्हा किरकिरलं तर झोप आली आहे. ही कावळ्याची चाचणी मला आजवर फार थोड्या वेळा फसवून गेली आहे.

तान्ह्या बाळात मात्र चूक जवळजवळ नेहमी एकाच बाजूला असते: विंडो मोठी. बारशाच्या दिवशी बघा. बारा दिवसांचं बाळ, साठ पाहुणे, पाळणा, कान फुंकणं, फोटो. सकाळी दहापासून दुपारी एकपर्यंत ते या हातातून त्या हातात. रात्री अकरापर्यंत रडतं आणि सगळे म्हणतात पोट दुखतंय. त्या वयात चिन्ह एकच शोधायचं: बाळ तुमच्याकडे बघता बघता नजर बाजूला वळवतं, कुठेतरी शून्यात बघत राहतं. रडण्याची वाट बघू नका, तिथेच उचला आणि अंधाऱ्या खोलीत न्या. आणि सहा आठवड्यांच्या आसपास संध्याकाळची किरकिर बहुतेक बाळांत वाढते. ती वेक विंडोने पूर्ण जात नाही, तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरते.

सहावी तपासणी: एका वेळी पंधरा मिनिटं

दिशा कळली की पंधरा मिनिटांनी सरका. तीन महिन्यांच्या आत असेल तर पाच-दहा मिनिटंच पुरेत. एका वेळी एकच विंडो बदला आणि तीन-चार दिवस थांबा. पहिल्या दिवशी जे दिसतं ते खरं नसतं. थोडं बिघडल्यासारखं वाटतं आणि लोक तिथेच माघार घेतात.

कोणती विंडो आधी? चार-पाच महिन्यांनंतर सकाळची पहिली विंडो सगळ्यांत छोटी आणि रात्रीच्या आधीची सगळ्यांत मोठी असते. रात्री झोपल्यावर पाऊण तासात उठत असेल तर शेवटची विंडो बघा. बाळाने रात्रीच्या झोपेला डुलकी समजलेलं असतं, कारण भूक पुरती साठलीच नव्हती. आपल्याकडे ही शेवटची विंडो जास्त अवघड जाते. बाबा आठच्या लोकलने येतात आणि दिवसभरात बाळ बघितलेलं नसतं. त्यांना खेळायचं असतं. मी त्यांना सांगते, सकाळी अर्धा तास लवकर उठा आणि आंघोळ तुम्ही घाला. काही जण ऐकतात.

एक केस, आकड्यांसकट

गेल्या वर्षी सव्वासात महिन्यांची एक मुलगी आली. तक्रार: रात्री दोन ते साडेतीन रोज खेळते, दिवसाची एकही झोप पाऊण तासाच्या वर नाही, संध्याकाळी झोपवायला तास लागतो. आईला वाटत होतं मुलगी फार थकते, म्हणून ती तिला दर दोन तासांनी न चुकता झोपवायला घेत होती. साडेचार महिन्यांची असताना हे छान चाललं होतं.

तीन दिवसांची वही अशी होती. सकाळी ७ ला उठणं. झोपा ९ ते ९:४०, ११:४० ते १२:२०, २:२० ते ३, ५ ते ५:३५. साडेसातला झोपवायला घेतलं, झोप लागली साडेआठला. रात्रीतली जाग दीड तास. दिवसाची झोप २ तास ३५ मिनिटं, रात्रीची ९ तास, एकूण ११ तास ३५ मिनिटं. बाराच्याही खाली. म्हणजे मुलगी खरंच थकलेली होती, आईचं निरीक्षण बरोबर होतं. पण कारण उलटं होतं. दोन तासांत तिची झोपेची भूक अर्धीच साठायची, तेवढ्यात झोपवल्यावर एका आवर्तनात ती भागायची. दिवसभर अशी चार वेळा चटक-मटक झाली की रात्रीच्या जेवणाला भूक कुठली?

पहिल्यांदा फक्त सकाळची विंडो सव्वादोन तासांवर नेली. चार दिवसांनी अडीच. सहाव्या दिवशी सकाळची झोप पहिल्यांदा एका तासाच्या पुढे गेली. मग दुसरी विंडो तशीच सरकवली. दोन्ही झोपा लांबल्या तशी चौथीला जागाच उरली नाही आणि तिसरी मी वीस मिनिटांवर उठवायला लागले. झोपलेल्या बाळाला उठवताना आजींचे डोळे मोठे झाले होते, पण ती डुलकी लांबली की रात्र पुढे जाते.

अडीच आठवड्यांनी दिवस असा झाला: ७ ला उठणं, ९:३० ते १०:४५, १:३० ते २:४५, ५:३० ते ५:५०, रात्री ८:३०. विंडो अडीच, पावणेतीन, पावणेतीन, आणि दोन तास चाळीस मिनिटं. शेवटची अजून सगळ्यांत मोठी झालेली नव्हती, ती पुढच्या महिन्यात झाली. मध्यरात्रीची जाग वीस मिनिटांवर आली होती. एकूण झोप सुमारे १३ तास. पहाटे चारला दुधासाठी ती उठतच राहिली. ते मोडायचा मी प्रयत्नही केला नाही, त्या वयात एखादं रात्रीचं दूध चालायचंच. नववा महिना लागला तशी संध्याकाळची डुलकी तिने स्वतःच सोडली. झोपा दहा ते सव्वाअकरा आणि सव्वादोन ते पावणेचार, रात्री सव्वासात-साडेसात.

सातवी तपासणी: झोपांची संख्या बदलतेय का?

ही सगळ्यांत अवघड, कारण महिना जातो. साधारण चार-पाच महिन्यांत चारच्या तीन झोपा होतात, साडेसहा ते नऊ महिन्यांत तीनच्या दोन, आणि तेरा ते अठरा महिन्यांत दोनची एक. बदलाच्या काळात एक दिवस तीन, एक दिवस दोन असं चालतं. दोन झोपांच्या दिवशी रात्री अर्धा-पाऊण तास आधी झोपवा, बाकी ओढाताण करू नका.

फसवा सापळा अकराव्या-बाराव्या महिन्यात. बाळ उभं राहायला लागतं आणि दुपारची झोप आठवडाभर साफ नाकारतं. आई म्हणते, "आता एकच झोप." बहुतेक वेळा ते खरं नसतं. सकाळची झोप एका तासावर थांबवा, दुपारची विंडो पावणेचार-चार तासांवर न्या आणि दोन आठवडे धीर धरा. वर्षाच्या आतलं मूल सकाळी सातपासून दुपारी बारा-साडेबारापर्यंत आनंदात राहिलेलं मी क्वचितच बघितलंय. साडेदहालाच ते वरणभाताच्या ताटलीत मान टाकतं.

आणि एक. सगळे आकडे बरोबर असूनही बाळ दर पाऊण तासाने झोळीच्या झोक्यासाठी उठत असेल, तर ती सवय आहे, वेळेचा प्रश्न नाही. झोळीत, कारच्या सीटमध्ये झोप लागलीच तर लागल्यावर बाळाला सपाट, टणक गादीवर पाठीवर ठेवा. मोहरीची उशी, मऊ रजई, लोड काही नको. आणि झोपेसाठी म्हणून जायफळ उगाळून चाटवणं, घुटीत काही घालणं हे माझ्या पाळणाघरात चालत नाही. सहा महिन्यांपर्यंत दुधाशिवाय काही नको, आणि झोप आणणारं काहीही बाळाला डॉक्टरांना न विचारता देऊ नये.

इथे थांबा, डॉक्टरांकडे जा

वेक विंडो फक्त निरोगी बाळाची दुरुस्त होते. पुढचं काही दिसलं तर वही मिटा.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप: त्याच दिवशी, त्याच तासाला, रात्र असली तरी. बाळ दुधासाठी उठतच नाही, उठवलं तरी लुळं पडतं, पहिल्या आठवड्यानंतर दिवसभरात सहापेक्षा कमी वेळा शू करतं: लगेच. नवजात बाळ "शहाणं आहे, झोपूनच असतं" म्हणून कौतुक होतं, पण कावीळ वाढली की बाळ असंच गुंगतं. अशा बाळाला, आणि जन्मावेळचं वजन परत भरून येईपर्यंत कोणत्याही बाळाला, दर दोन-तीन तासांनी उठवून पाजायचं असतं. तिथे वेक विंडो विसरा. हिरवी उलटी, शीतून रक्त, टाळू फुगलेली, कितीही घेतलं तरी न थांबणारं तीव्र स्वरातलं रडणं: यांतलं काही असेल तर थेट दवाखाना.

घाई नाही पण जायलाच हवं, अशी यादी वेगळी. सर्दी नसताना रोज घोरणं, झोपेत श्वास अडकल्यासारखा वाटणं, आडवं केलं की दुखून रडणं, कान धरून रात्रभर रडणं, वजन न वाढणं, सहा महिन्यांनंतर सतत तळमळत झोपणं आणि सोबत फिकटपणा. शेवटच्या गोष्टीत डॉक्टर बहुधा रक्तातलं लोह तपासतात. तीन-चार आठवडे वही नीट ठेवून, वरचं सगळं करूनही फरक नसेल तरी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि बाळ झोपलं तरी आईला झोप लागत नसेल, दोन आठवड्यांहून जास्त रडू येत असेल, बाळाबद्दल भीतीदायक विचार येत असतील, तर डॉक्टर आईसाठी. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार आला तर त्या दिवशी तिला एकटीला ठेवू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

जाताना वही बरोबर घ्या आणि घोरण्या-श्वासाची तक्रार असेल तर झोपलेल्या बाळाचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा, छाती उघडी आणि दिवा लावलेला. दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ हसायला लागलेलं असतं.